बाबांची दाढी

थ्री-डी प्रिंटरच्या स्क्रीनवर शंभरचा आकडा आला तसा भाऊ म्हणाला, "झालं ना गरम? मग दाब की बटण."

तिचं बोट बटणावरच होतं. ते तिथेच थांबलं.

रिळावर उरलेलं प्लास्टिक एका डबीपुरतं होतं. खालचा भाग आणि वरचं झाकण. डबी व्हीलचेअरच्या कंट्रोलची. ती खुर्ची दुरुस्त करणारे मिस्त्री बाबांच्या स्टुलावर बसून होते. तीन डब्या वाया गेल्या होत्या, दोन्ही भाग एकमेकांवर बसतच नव्हते. दुपारी प्रिंटर बघायला गिऱ्हाईक येणार होतं, भावानेच ठरवलेलं. "आज झाकण बसलं तर मशीन राहू दे तुझ्याकडे," तो सकाळीच म्हणाला होता. "नाहीतर हट्ट सोड."

बाबा गेल्यापासून मशीनने डोकंच फिरवलं होतं. दिवसाचा पहिला प्रिंट बेडला, म्हणजे खालच्या तापणाऱ्या पत्र्याला, धड चिकटायचा नाही, तळाच्या रेघा सुट्या राहायच्या, कोपरे उचलायचे. मग ती वितळलेलं प्लास्टिक सोडणारं नोझल जरा खाली घ्यायची. दुसऱ्या प्रिंटला तेच नोझल थर खरवडत जायचं. मग पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे. बाबांच्या हातून असं कधी झालेलं तिला आठवत नव्हतं.

"बाबा असते तर आत्ता दाढी करत बसले असते," मिस्त्री हसले. "मी म्हणायचो, अहो, गिऱ्हाईक ताटकळलंय आणि तुमचं काय नटणं चाललंय! तर म्हणायचे, मशीनला घाम फुटू दे आधी."

"घरी बाथरूम असताना इथे दुकानात दाढी," भाऊ म्हणाला. "आईशी भांडण नको म्हणून पळून यायचे, दुसरं काय."

तिनेही इतकी वर्षं तेच धरलं होतं. बाबा मशीनचं दार लावायचे, बेड चालू करायचे आणि खिळ्यावरच्या आरशासमोर सावकाश फेस करत बसायचे. दाढी झाली की गालावरून हात फिरवायचे आणि तोच हात...

तिने मशीनचं दार उघडलं. हात आत घातला आणि नोझल ज्या आडव्या दांडीवर सरकतं ती दांडी धरली. गारठलेली. बेडच्या कडेशी तळवा नेला. मध्यावर झळ लागत होती, कडेला नुसती ऊब.

शंभर होतं ते सेन्सरपाशी. सेन्सर बेडच्या खाली, हीटरला खेटून. बेडच्या जाड पत्र्याला, दांडीला, आतल्या हवेला अजून त्याचा पत्ताच नव्हता. उष्णता मुरेल तसा पत्रा फुगणार, मध्ये केसभर वर येणार; आणि नोझल नि बेड यांच्यात जागाच मुळी कागदाएवढी. रोज सकाळी ती थंड मशीनचं माप घेत होती आणि गरम मशीनवर रागावत होती.

तिने दार लावलं. "थांबायचं."

"किती?"

"दांडी हाताला गरम लागेपर्यंत."

"अगं, तो माणूस दुपारी येतोय! दोन भाग छापायचेत, एका वेळी एकच मावतो. हाताशी असलेला वेळही घालवणार?"

"थंड मशीनवर सुरू केलं तर प्लास्टिकही जाईल."

भाऊ येरझाऱ्या घालू लागला. मिस्त्रींनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि स्टूल भिंतीला टेकवलं. ती हात मांडीत घेऊन बसली. समोर रिकामा खिळा होता. बाबांचं सामान आवरताना आरसा भावाने नेला होता. बटण दाबायला हात शिवशिवत होता. एकदा उठून तिने दांडी चाचपली, कोमट. परत बसली.

दांडी चांगली तापली तेव्हाच तिने नोझलची उंची लावली आणि बटण दाबलं. पहिला थर सपाट, एकसंध पसरला. कोपरे जागचे हलले नाहीत. खालचा भाग झाला तसा तिने तो बेडवरच्या सुट्या, पातळ पत्र्यासकट काढून जाड कापडाखाली ठेवला, जोडीचा पत्रा चढवला, दार लावलं, तो तापू दिला. उंचीच्या स्क्रूला हात लावला नाही. ते सगळ्यात अवघड गेलं.

झाकणाचे शेवटचे थर चढत होते तेव्हा बाहेर गाडी थांबली.

"आला तो," भाऊ म्हणाला.

"निवू दे. गरम काढलं तर वाकेल."

दारावर टकटक झाली. कुणी उठलं नाही. झाकण निवलं, पत्र्यावरून सुटलं. तिने दोन्ही भाग मिस्त्रींच्या हातात दिले. स्वतः लावून बघायचा धीर तिला होईना. त्यांनी कडा जुळवल्या, अंगठ्याने दाबलं.

टक्.

त्यांनी डबी उलटी करून हलवली. झाकण जागेवर होतं.

भाऊ बाहेर गेला. दाराआडून त्याचा आवाज आला, "माफ करा हं, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला." गाडी गेल्यावरही तो लगेच आत आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात बाबांचा आरसा होता.

"माझ्या डिकीतच पडला होता," तो म्हणाला आणि खिळा शोधू लागला, जणू तो कुठे आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.