लाल पेनाविना आठवडा

मंजिरीला वर्षभराची रजा हवी होती. रायपूरच्या तलावांचं चित्रपुस्तक करायचं होतं तिला. दर रविवारी बूढ़ापाऱ्याच्या तलावाकाठी बसून घाट-पायऱ्या रेखाटायची. पण रविवारच्या तुकड्यांनी पुस्तक होत नाही, आणि चाळिशी उलटली की मन धीर धरत नाही.

ती नोकरीला होती त्या तेलीबांध्याच्या आर्किटेक्ट ऑफिसचे मालक शेखर सर तिचा अर्ज वाचत होते. तिनं लिहून दिलं होतं: पगार अर्धा, परतल्यावर दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, तलावांची सगळी मोजमापं ऑफिसला वापरायला. तलावकाठच्या कामांसाठी ऑफिसची धडपड चाललीच होती, तेव्हा सौदा वाईट नव्हता.

"हे ठीक आहे," सर म्हणाले, "पण तुह्या लाल पेनाबिगर इथून एक नकाशा बाहेर जात नाही. तू गेली तर कसं?"

"म्हणूनच तर जाऊ द्या, सर. उद्या मी बिमार पडली तर? माझ्या हाताखालचा लोकेश तयार होईल, तो ऑफिसचाच फायदा."

"मग आठवडाभर इथंच बस, पण पेन माह्याजवळ. सारं लोकेश पाहील. निभावलं, तर अर्ज मंजूर."

पेन गेलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते खोटं नाही. सुनेच्या हाती चूल देऊन बसलेल्या सासूसारखं मंजिरीचं नाक सारखं लोकेशच्या टेबलाकडे. चहा प्यायला खाली जायची, अर्धा टाकून वर यायची.

शुक्रवारी प्रिंटरपाशी नव्या रायपुरातल्या शाळेचा नकाशा पडला होता. व्हीलचेअरचा उतार चक्क घसरगुंडी! लोकेश जागेवर नव्हता. बाई काही थांबल्या नाहीत. कुणाचं तरी पेन उचललं, उतार लांबवला, सही ठोकली आणि फोटो ठेकेदाराला पाठवला. आठवड्यात पहिल्यांदा तिनं मोकळा श्वास घेतला.

थोड्याच वेळात ठेकेदाराचा फोन आला: दोन नकाशे आलेत, कुठला खरा? काम थांबलंय. लोकेशनं सकाळीच चूक पकडून सुधारित नकाशा पाठवला होता. प्रिंटरपाशी पडला होता तो जुना; कोपऱ्यातला आवृत्तीचा नंबरच तसं सांगत होता.

"दीदी," तो हळूच म्हणाला, "पहले कोने का नंबर देखना, आपने ही तो सिखाया था."

मंजिरीला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"अर्ज गेला ना, सर?"

"काहून? परीक्षा लोकेशची होती. तो पास झाला." सरांनी सही करून कागद पुढे सरकवला. "नापास तू झाली. तू इथं राहशील तोवर तो पोट्टा मोठा होणार नाही. जा आता. आन् इकडे फोन करायचा नाही."

त्यांनी लाल पेनही परत दिलं, चित्रांना कामी येईल म्हणून. मंजिरीला रडू आलं, आणि ते आनंदाचंच आहे, हे तिला स्वतःलाही पटवता येईना.