खोडलेली शेवटची ओळ

डॉक्टरकीच्या तोंडी परीक्षेसाठी मुलीने दम लागण्याची सगळी कारणं एका कागदावर बसवली होती. शरीराची एकेक संस्था घ्यायची आणि समोर ती ओळखायची खूण. वडील शिंपी. गिऱ्हाईक नसलं की कागद हातात धरून तिला प्रश्न विचारायचे.

"फुप्फुस?"

"दमा असेल तर सूं सूं आवाज. न्यूमोनियात ताप, बेडका. छातीत हवा शिरली तर अचानक, एकाच बाजूला दुखून."

"हृदय?"

"पायाला सूज, मानेची शीर फुगलेली, फुप्फुसाच्या तळाशी करकर. आडवं पडलं की धाप."

"हे तर माझंच की, डॉक्टरीणबाई."

"बाबा, सूज कुठाय तुम्हाला? हृदयाचा इको चांगला आलाय."

तीन उशांशिवाय त्यांना झोप येत नव्हती. रक्त ठीक होतं. एक्स-रेत छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा दोन्हीकडे वर दिसला, तेव्हा फोटो काढताना श्वास पुरता घेतला नसेल, असं ठरलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, मनावर घेऊ नका.

"मन?"

"बोटांना, ओठांभोवती मुंग्या. उसासे. पण ते सगळं तपासून झाल्यावर."

"आणि हे खाली खोडलंय ते?"

"स्नायू आणि मज्जातंतू. जागा पुरेना. परीक्षेत कुणी विचारत नाही."

"मी विचारतो. कापड उरलं तर टाकून देतो का आपण?"

ती हसत म्हणाली, "छाती साफ, हृदय ठीक, तरी आडवं पडल्यावर धाप. श्वास घेताना पोट वर यायचं ते..."

कागद धरलेल्या वडिलांच्या हाताकडे ती पाहत राहिली. अंगठा आणि तर्जनीमधला उंचवटा बसला होता, तिथे खळगा होता. सुईत दोरा जात नाही म्हणून दोनदा चष्मा बदलून झाला होता.

"बाबा, कापायच्या टेबलावर जरा आडवे व्हा. उशी नको."

"आता माझ्यावर सराव का? बरं."

ते निजले आणि लगेच त्यांचा श्वास वाढला. तिने पोटावर हात ठेवला. छाती वर गेली, पोट आत गेलं. पुन्हा तसंच.

"नाकाने जोरात हुंगा." जेमतेम आवाज आला. "जीभ दाखवा. बाहेर नको, तोंडातच असू द्या."

जीभ स्थिर होती, पण तिच्या पृष्ठभागावर बारीक लहरी थरथरत होत्या.

तिने त्यांना उठवून बसवलं, पाठीला कापडाचा गठ्ठा दिला. हळूहळू धाप बसली.

"मग? पोट काय होतं म्हणालीस?"

"आत जातं. श्वासाचा पडदा दुबळा झाला की."

"माझं गेलं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"औषध आहे?"

"उद्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जाऊ. झोपताना लावायचं श्वासाचं मशीन मिळतं. धाप कमी होते."

"मी औषध विचारलं."

ती त्यांच्या पाठीमागचा गठ्ठा सारखा करू लागली. वडिलांनी कागदाची घडी केली. नीट जमली नाही म्हणून उलगडली, पुन्हा केली आणि तिच्या हातात दिली.

"ती ओळ परत लिही," ते म्हणाले. "बारीक अक्षरात बसेल."