'हो' कोणत्या प्रश्नाला

दातांची डॉक्टर असल्यामुळे घरीदारी तिला सगळे दातवालीच म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. राग यायचा तो एकाच गोष्टीचा. माणसाला विचारायचं कसं, हे लोकांना कळत नाही! तोंडात कापसाचे बोळे आणि नळी कोंबलेल्या पेशंटला 'काय होतंय ते सविस्तर सांगा' म्हणणारे महाभाग तिने शिकताना पाहिले होते. बिचारा पेशंट नुसता 'आं आं' करायचा. तिच्या खुर्चीत तसलं काही चालत नसे. "दुखलं तर बोट वर करा," एवढंच ती सांगायची.

तिची धाकटी नणंद एक हेल्पलाइन चालवायची. वाचनालयाच्या माडीवर एक खोली, तीन संगणक, खिडकीला निळा पडदा आणि चहाचे डाग पडलेलं लांब टेबल. घरात जाच सोसणारी माणसं फोनवरून निरोप लिहीत आणि स्वयंसेवक त्यांना उत्तरं देत. पण निम्मे निरोप अर्धेच येत. 'आज परत त्याने'. 'मी जर आता'. 'आई'. बस्स, एवढंच. कुणी खोलीत आलं म्हणून, बोटं थरथरली म्हणून किंवा ऐन वेळी धीर सुटला म्हणून माणसं मध्येच थांबत.

त्यावर स्वयंसेवक जे लिहीत, ते वाचून दातवालीने, तिथे पाळीला यायला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात, कपाळाला हात लावला होता. गणिताचे एक निवृत्त मास्तर सकाळच्या पाळीला बसत. माणूस सोन्यासारखा, पण 'आई' एवढ्या एका शब्दाला त्यांनी उत्तर धाडलं होतं, 'आपला संदेश प्राप्त झाला. आपली अडचण कृपया क्रमवार मांडावी.'

"मास्तर, ती बाई काय परीक्षेला बसलीय?" दातवालीने विचारलं होतं.

"मग तुम्हीच लिहून द्या की काय विचारायचं ते," मास्तर म्हणाले आणि नणंदेने तो शब्द वरच्यावर झेलला. "वहिनी, लिहच तू. तयार प्रश्न. छोटे. कुणीही उचलावा आणि पाठवावा, असे."

तिने लिहिले. एका प्रश्नात एकच गोष्ट. फोन न उघडताही पडद्यावर अख्खा दिसेल एवढाच. त्रास देणारा बाई की बुवा, ते आपण ठरवायचं नाही. 'असं का झालं' तर मुळीच नाही, कारण त्याचं उत्तर द्यायला अख्खं आयुष्य सांगावं लागतं. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही'. बोट वर किंवा बोट खाली. 'आत्ता लिहायला मोकळे आहात का?' 'हे तुमच्याबद्दल आहे का?' 'आत्ता तुम्हाला त्रास होतोय का?' 'तुम्ही सुरक्षित आहात का?' असे दोन हातांच्या बोटांत मावतील एवढे प्रश्न झाले आणि ते चालले. ज्या माणसांचा पत्ता लागत नसे, ती उत्तरं देऊ लागली. नणंद हरखून गेली. इतर गावांच्या केंद्रांनी ते प्रश्न मागितले, कार्डं छापून झाली, आणि दुसऱ्या दिवशी माणसं ती न्यायला येणार होती.

त्या दुपारी दातवालीने दवाखाना लवकर बंद केला. कार्डं बाहेर पडण्याआधी ताजे संवाद एकदा नजरेखालून घालावेत, म्हणून ती माडीवर आली. मास्तर पाळी संपली तरी घरी गेले नव्हते. नणंद कार्डांचे गठ्ठे बांधत होती. दातवाली एकेक संवाद वाचत गेली आणि सकाळच्या एका संवादाशी अडली.

'ती मला परत आत', एवढा अर्धा निरोप. मास्तरांनी कार्डातला प्रश्न पाठवला होता, 'आत्ता तुम्हाला त्रास होतोय का?' उत्तर नाही. बराच वेळ वाट पाहून त्यांनी दुसरा पाठवला, 'तुम्ही सुरक्षित आहात का?' त्याखाली 'हो'. मग मास्तरांचा निरोप, 'वाचून बरं वाटलं. काळजी घ्या.' आणि संवाद बंद. शेजारी शेरा, 'सुरक्षित'.

तिने वेळा पाहिल्या. दुसरा प्रश्न आणि तो 'हो' एकाच मिनिटात, एकाला एक चिकटून.

पेशंटला 'दुखतंय?' विचारावं, तो बोट उचलेउचलेपर्यंत आपण 'बरं वाटतंय?' विचारून मोकळं व्हावं, आणि वर आलेलं बोट पाहून खूश व्हावं, तसंच हे झालं होतं.

"मास्तर, हा 'हो' तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला नाहीये."

मास्तर चष्मा सावरत आले. "त्याच्याच खाली तर आहे."

"खाली आहे, म्हणजे त्याचाच आहे असं नाही. जो माणूस चार शब्द लिहून थांबतो, तो तुमचा प्रश्न वाचून त्याच क्षणाला उत्तर देतो? तो आधीचंच उत्तर कसंबसं लिहीत होता. तुमचा प्रश्न मध्ये घुसला."

मास्तरांनी वाकून दोन्ही वेळा पुन्हा वाचल्या. "म्हणजे त्रास होतोय म्हणाला तो. आणि मी..."

"तुम्ही कार्डावरचंच पाठवलंत. कार्ड माझं आहे," दातवाली म्हणाली. "सगळ्या कुलपांना एकच किल्ली करून ठेवली मी, शहाणीने."

तिने माउस हातात घेतला, तशी नणंदेने गठ्ठा खाली ठेवला. "वहिनी, थांब. बंद झालेला संवाद आपण उघडत नाही."

"हा उघडायचाय."

"का उघडत नाही, ते तुला ठाऊक आहे. आपण आपल्या मनाने पाठवलेला निरोप नवऱ्याच्या हातात पडला आणि त्या मुलीचं काय झालं, ते मी दवाखान्यात जाऊन डोळ्यांनी बघितलंय. तो नियम मी हौसेने केलेला नाही."

हे खरं होतं आणि ते खरं आहे, हीच पंचाईत होती. दातवालीला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण 'हो, त्रास होतोय' म्हणणाऱ्या माणसाला 'वाचून बरं वाटलं' असं सांगून आपण दार लावून घेतलंय, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"नियम चांगलाय," ती म्हणाली. "पण तो त्यांचं रक्षण करायला केलाय ना? आपली चूक झाकायला तो मी वापरू देणार नाही."

"उघडलंस तर उद्यापासून पाळीला येऊ नकोस. तू वहिनी असलीस तरी."

"नाही येणार. पण आजचं येणं तरी कारणी लागू दे."

नणंदेने हात धरून अडवलं नाही, एवढंच.

दातवालीने लगेच संवाद उघडला नाही. आधी एक कार्ड उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. पहिला प्रश्न कुणी परक्याने वाचला, तरी दुकानाचा किंवा कुरिअरचा वाटला पाहिजे. आणि एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला कधीही लागू पडता कामा नये.

"प्रत्येक प्रश्नाला त्याचे स्वतःचे आकडे," ती मास्तरांना म्हणाली. "पहिल्याला एक आणि दोन. पुढच्याला तीन आणि चार. एकदा वापरलेला आकडा त्या संवादात पुन्हा नाही."

मास्तरांचे डोळे चमकले. "मग उत्तरं मागेपुढे झाली तरी..."

"झाली तर झाली."

तिने संवाद उघडला आणि लिहिलं, 'सकाळचा निरोप अर्धाच आला. पुढे पाठवायचा असल्यास १, नको असल्यास २.'

तिघंही पडद्याकडे बघत राहिली. खाली वाचनालयात कुणीतरी खुर्ची ओढली. नणंदेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आता फोन भलत्याच हातात असेल तर, हा एकच विचार खोलीत होता आणि तो कुणी बोलून दाखवत नव्हतं.

'१'.

मास्तरांनी सोडलेला श्वास ऐकू आला. दातवालीने पुढचा पाठवला, 'आत्ता वेळ आहे? आहे ३, नंतर ४.'

'३'.

'घराबाहेर पडता येतं? येतं ५, नाही ६.'

आता काहीच येईना. दातवालीला दम धरवेना, आणि मास्तरांचं सकाळी काय झालं असेल ते तिला नीटच कळलं. शेवटी तिने पुढचा प्रश्न पाठवून दिलाच, 'पाणी, औषध हाताशी आहे? आहे ७, नाही ८.'

थोड्या वेळाने '८' आला. आणि त्याच्या मागून, उशिराने, '६'.

उलट्या क्रमाने आले, तरी दोन्ही आकडे आपापल्या प्रश्नाशी बिनचूक जाऊन बसले. पण त्याचं कौतुक करायला कुणाला सुचलं नाही. कोंडलेलं माणूस. पाणी नाही, औषध नाही, आणि सकाळपासून.

'कुणाला मदतीला पाठवू? पाठवा ९, नको ०.'

'९', लगेच.

"पत्ता विचार," नणंद म्हणाली. तिच्या एका हातात फोन केव्हाच आला होता. "इमारत आणि मजला. एकेक करून विचार, दोन्ही एकदम नको. मी त्या भागातल्या कार्यकर्तीला लावते." आणि पलीकडून फोन उचलला गेल्यावर ती जे बोलली, त्यात नियमाचं नाव नव्हतं. "पोलिसाला सोबत घे. दाराला बाहेरून कुलूप असेल. पाणी घेऊन जा, आणि डॉक्टरला आत्ताच सांगून ठेव."

पत्ता तुकड्यातुकड्याने आला. आधी इमारतीचं नाव, मग 'तिसरा', मग खूप वेळाने 'मागचं दार'. मास्तर प्रत्येक तुकडा मोठ्याने वाचत होते आणि नणंद तो फोनवर पुढे सांगत होती. कार्यकर्ती निघाली.

फोन ठेवून नणंद टेबलाशी आली. बांधलेल्या गठ्ठ्यांकडे तिने एकदा पाहिलं आणि मग दातवालीकडे. "उद्या माणसं येतील. त्यांना काय सांगू?"

"सांग, कार्डं नाहीत. रागावू देत. आणि उद्या मी पाळीला येणार. तू नको म्हणालीस तरी. मला ही सगळी परत लिहायचीत."

"तोंड बघ कसं चालतंय हिचं," नणंद म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने कात्री घेतली आणि पहिल्या गठ्ठ्याची दोरी कापली.

तेवढ्यात पडद्यावर नवा निरोप आला. प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि या खेपेला निरोप अर्धाही नव्हता. मास्तर तो वाचायला लागले आणि मध्येच थांबले, म्हणून उरलेला दातवालीने वाचला.

'सकाळी त्रास होतोय म्हणून सांगितलं, तर तुम्ही लिहिलंत बरं वाटलं. मला वाटलं, तुम्हीही तिच्याच बाजूचे.'

मास्तर उठले, दातवालीच्या खांद्यावरून वाकले आणि दोन बोटांनी स्वतःच एकेक अक्षर टाइप करू लागले. कुठलंही कार्ड त्यांनी पाहिलं नाही. 'चूक माझी. कार्यकर्ती निघाली आहे. दार उघडेपर्यंत मी इथून हलणार नाही.'