पंधराजणींचं मशीन

न्हावऱ्याची चांदबी हाताची पक्की, पण मनाची फार मऊ. नवरा गेल्यापासून लोकांची झंपरं शिवून ती तांदळाच्या डब्यात पैसे टाकायची आणि धाकटा भाऊ इनुस दारात आला की डबा पालथा करायची. इनुस काही वाईट नव्हता. त्याची नड तेवढी कधी सरत नव्हती.

म्हणूनच शेजारच्या साखरबाईंनी तिला ओढून आपल्या पंधराजणींच्या बचत गटात आणलं. दोन वर्षं ती दर महिन्याला न चुकता भरत होती. आता ज्ञानदेव शिंपी दुकान मोडून दौंडला चालला होता. त्याच्याच मशीनवर ती भाड्यानं शिवायची. शनिवारच्या बाजारापर्यंत तिनं ते विकत घेतलं नाही तर दुसरा नेणार, आणि चांदबीला पुन्हा कांद्याच्या खुरपणीला जावं लागणार. मशीनच्या कर्जासाठी पतसंस्थेनं जामीनदार मागितले होते. तिला कोण जामीन राहणार, म्हणून तिनं कुणाला विचारलंच नाही.

नेमका तेव्हाच इनुसच्या गाडीचा हप्ता थकला. "आपा, गटातनं नाव काढ. भरल्यालं परत मिळतंय."

साखरबाईंच्या ओसरीवर बैठक भरली. इनुस पायरीशी उभा होता. चांदबी मान खाली घालून म्हणाली, "माझं नाव काढा. भावाला नड हाय."

"काढू की," साखरबाई शांतपणे म्हणाल्या. "तू भरल्यालं आन् व्याजातला वाटा, दोन्ही मिळंल. पर त्यात अर्धं मशीन बी यायचं न्हाई. राहिलीस, तर गटाच्या पेटीतनं पुऱ्या मशीनचं कर्ज देऊ. तुझ्या पैशावर नकुशीनं शेळी घेतली, तेजश्रीनं पोराला दवाखान्यात नेलं. आता आमचा पैसा तुझ्या कामाला येऊ दे."

इनुसला राहवलं नाही. "आन् तिनं न्हाई फेडलं तर? जामीन कोण?"

"आम्ही समद्या," नकुशी म्हणाली. एकेक करून सगळ्यांचे हात वर झाले.

चांदबीनं पदर डोळ्यांना लावला. आपल्यासाठी एवढे हात वर होतील असं तिला जन्मात वाटलं नव्हतं. डोळे पुसून ती भावाकडे वळली.

"न्हाई रं इनुस," ती म्हणाली. "या बारीला न्हाई."

तो पाठ फिरवून चालता झाला. त्या रात्री चांदबीला घास गेला नाही. भाऊ तुटला, असंच तिनं धरलं.

शनिवारी ती ज्ञानदेवच्या दुकानात पोचली, तर दारात इनुस गाडी घेऊन उभा. "हातगाडीवाल्याला कशाला पैसं घालवतीस?" तो खाली बघत म्हणाला. त्यानं मशीन मागं सुतळीनं घट्ट बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

चांदबीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हळू चालव," ती म्हणाली. "पंधराजणींचं हाय."