मासिकाच्या नावावरची बोटं

मुलांच्या मासिकात ताई इतकी वर्षं पानांच्या कोपऱ्यांत ससे आणि ढग काढत आली होती. यंदा पहिल्यांदाच मुखपृष्ठ तिच्या वाट्याला आलं, तेही सख्ख्या धाकट्या बहिणीचं. क्लबच्या क्रिकेटच्या अंतिम सामन्यात धाकटीने सीमारेषेकडे पळत जाऊन, पाठीमागून डोक्यावरून येणारा चेंडू झेप घेऊन टिपला होता. त्या फोटोचं कॉमिक चित्र करायचं होतं.

"संध्याकाळपर्यंत चित्रात जीव आला तर ठीक," संपादक म्हणाले, "नाहीतर फोटोच छापू. आणि वर छापलेल्या मासिकाच्या नावावर चित्रातलं काही आणायचं नाही."

फोटो छापला म्हणजे पुन्हा ससे. ताईने घाबरून फोटो जसाच्या तसा गिरवला आणि वेग दाखवायला वेगरेषांचा सपाटा लावला. चेंडूमागे रेषा, बुटांमागे रेषा, प्रेक्षकांमागेसुद्धा.

दुपारी डबा द्यायला आलेली धाकटी चित्राकडे बघतच राहिली.

"मी यात झोपलेय का गं?"

"झेप घेतेयस."

"मग पाऊस कशाला पडतोय?"

ताईच्या नाकाला मिरची झोंबली, पण पोरगी खोटं बोलत नव्हती. फोटो लांबून, बाजूने, मोठ्या लेन्सने काढलेला होता. त्यात जवळचं आणि दूरचं सगळं एकाच पातळीवर येऊन बसलं होतं. आणि सगळ्यांनाच वेग दिल्यामुळे पळत कोणीच नव्हतं.

"तुला तेव्हा काय दिसत होतं?" ताईने विचारलं.

"चेंडू. कलिंगडाएवढा. बाकी जग होतं की नव्हतं, देव जाणे."

ताईने गिरवलेला कागद टराटरा फाडला. डबा तसाच राहिला. आता नव्या कागदावर, चित्र बघणारा जणू सीमारेषेच्या दोरीपाशी, गवतात पालथा पडलेला. त्याच्या तोंडावर येणारा धाकटीचा पंजा ताटाएवढा, मागे हात निमुळता, खांदा लहान, बूट चिमुकले आणि पार टोकाला काडीएवढी फलंदाज. क्षितिज तिरकं. वेगरेषा फक्त चेंडूच्या मागे, बॅटपाशी केसासारख्या बारीक आणि पुढे येता येता जाड. चेहऱ्यावर एकही नाही. घट्ट मिटलेले ओठ मात्र फोटोतलेच.

पंजा मोठा होता होता बोटं वर सरकली आणि मासिकाच्या नावात घुसली. ताईला संपादकांची ताकीद आठवली. बोटं छाटली तर झेपच लुळी पडणार होती. तिने ती तशीच ठेवली आणि चित्र संपादकांपुढे धरलं.

संपादकांनी मान चटकन मागे घेतली, चेंडू खरंच नाकावर बसणार असल्यासारखी. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, मांडणी करणाऱ्याला हाक मारली आणि म्हणाले, "मासिकाचं नाव जरा मागे घ्या. पोरीची बोटं पुढे येऊ द्या."

ताईला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं.

"बोटं माझी आहेत, बरं का," तोवर तिथेच थांबलेली धाकटी म्हणाली आणि तिने डबा उघडला.