दूध फाटलं नाही

त्या दिवशी माझी चूक झाली आणि त्या चुकीने काहीच बिघडलं नाही. तिथूनच सगळं उघडं पडलं.

आम्ही दोघी बहिणी दुधाच्या टॉफ्या करतो. मी आणि धाकटी. पुढे दुकान, मागे भटारखाना, मध्ये एक पडदा. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'ताडगुळाच्या टॉफ्या'. ताडाच्या रसापासून केलेला तो काळपट, गोल ढेपांचा गूळ. साखरेच्या टॉफ्या गावभर मिळतात, उसाच्या गुळाच्याही दोन ठिकाणी मिळतात. ताडगुळाच्या फक्त आमच्याकडे. चौदा वर्षं लोक त्यासाठीच येतात.

आता दुधात ताडगूळ घालणं हा काही पोरखेळ नाही. उसाचा गूळ असो की ताडाचा, त्यात थोडा आंबटपणा असतो, क्षार असतात. उकळत्या दुधात थेट ओतला की बहुतेक वेळा दूध फाटतं आणि टॉफीऐवजी हातात चोथा येतो. म्हणून आधी दूध आटवायचं, उतरवायचं, जरा निवू द्यायचं. गुळाचा पाक वेगळा करून गाळायचा, त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा आणि मग हळूहळू दुधात सोडायचा. साखरेला ही नाटकं लागत नाहीत. ती उकळत्या दुधात मुकाट विरघळते.

त्या गुरुवारी धाकटी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मी एकटी, पुढे गिऱ्हाईक, आत दूध. गडबडीत पाक सोड्याशिवायच उकळत्या दुधात ओतला. ओतल्यावर जीभ चावली. गेलं चार लिटर दूध, असं म्हणत डाव हातात घेऊन उभी राहिले. एक मिनिट झालं. पाच झाली. दूध तसंच, गुळगुळीत, छान आटत होतं.

कुणीही म्हटलं असतं, सुटलीस बाई. मला मात्र ते पटेना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी दोन वर्षं धाकटीशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. एका तापात मला वास येईनासा झाला. पुरता गेला. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळतं, बाकी सगळं सपाट. गूळ तोंडात टाकला तर गोड. साखर टाकली तर गोड. ताडगुळाचा तो धुरकट, किंचित जळक्या दुधासारखा स्वाद, उसाच्या गुळाचा मातकट खमंगपणा, सगळं माझ्यासाठी संपलं. टॉफी करणाऱ्या बाईला वास येत नाही हे कळलं तर दुकानात कोण चढेल? म्हणून ते फक्त धाकटीला माहीत होतं. माझी जीभ म्हणजे ती.

रोज संध्याकाळी मी एक टॉफी तिच्या हातावर ठेवायचे. "सांग, कशी लागतेय?" ती डोळे मिटून सांगायची. आधी धूर लागतो ताई, मग भाजलेल्या खोबऱ्यासारखं काहीतरी, आणि शेवटी जरासा खारेपणा. मी ऐकत राहायचे. दिवसभरात मला चव लागायची ती तेवढीच, तिच्या तोंडून.

तर दूध फाटलं नाही. मी गॅस बंद केला आणि फडताळात मागे ठेवलेला जुना डबा काढला. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या ताडगुळाचा तुकडा होता, वास परत आला तर पहिला तोच हुंगायचा म्हणून जपलेला. चार छोटी पातेली मांडली, सगळ्यांत सारखंच उकळतं दूध. एकात तो जुना तुकडा विरघळवून ओतला. दुसऱ्यात घरातला उसाचा गूळ. तिसऱ्यात साखर. चौथ्यात नव्या पोत्यातली ढेप.

जुन्या ताडगुळाचं दूध फाटलं. उसाच्या गुळाचं तर लगेच फाटलं. साखरेचं गुळगुळीत राहिलं. चौथंही.

मग मला मागचं एकेक दिसायला लागलं. ताडगूळ गाळला की गाळण्यात काटक्या, धागे, तळाशी बारीक रेती राहते. गेले कित्येक महिने गाळणं स्वच्छ होतं. धाकटी म्हणाली होती, नवा ताडगूळवाला गाळूनच देतो. टॉफ्या दमट हवेत चिकट व्हायला हव्यात, गूळ हवेतलं पाणी ओढतोच. त्याऐवजी चार दिवसांत रवाळ व्हायला लागल्या होत्या, कारण नुसती साखर परत स्फटिक धरते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, हवा बदललीय ताई. आणि मी मूर्खासारखी हवेला दोष देत बसले. अनुभवाच्या गप्पा मारणारी मी, हाताखालची वस्तू ओळखली नाही, कारण बहीण सांगत होती.

ती आली तेव्हा गाल सुजलेला होता. चार पातेली पाहून दारातच थांबली.

"ताई, हे काय मांडलंस?"

"तूच सांग. पोत्यात काय आहे?"

"ताडगूळ. अजून काय असणार?"

"परत एकदा विचारते. खोटं बोललीस तर याद राख."

ती स्टुलावर बसली. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. म्हणाली, "साखर आहे. आठ महिने झाले. तो ताडगूळवाला बंद झाला. झाडावर चढायला माणूस मिळेना म्हणाला. दुसरीकडे चौकशी केली, कुठेच धड मिळेना."

"मग ढेपा कुठून येतात?"

"मी करते. माझ्या घरी. थोडी साखर काळपट होईपर्यंत जाळायची, बाकीच्या पाकात रंगापुरती मिसळायची. घोटून वाट्यांत ओतायची." जरा थांबून म्हणाली, "मीठही घालायचे चिमूटभर. तुला खारट कळतं म्हणून."

मीठ. माझ्याकडे काय उरलंय हे तिला बरोबर ठाऊक होतं आणि तेवढंच तिने भरून काढलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? वास गेला तेव्हा तू महिनाभर कुणाशी बोलली नव्हतीस. त्यात ताडगूळही गेला म्हटलं असतं तर मोडून पडली असतीस. आणि ताई, फरक काय पडला गं? तूच तर गिऱ्हाइकांना सांगतेस, साखर, गूळ, ताडगूळ, तिन्ही सारखेच म्हणून."

सांगत होते मी. मधुमेहवाला कुणी 'ताडगूळ चालतो ना' म्हणत आला की मी त्याला ठणकावायचे. अहो, शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, गुळात पंधरा-वीस कमी, हा काय फरक झाला? लोह, खनिजं असतात, पण अंगी लागण्याइतकी हवीत तर वाटी वाटी गूळ खावा लागेल आणि तेवढ्या गोडाने दुसरं दुखणं यायचं. ताडगुळाने रक्तातली साखर जरा सावकाश चढते म्हणतात, म्हणून चार टॉफ्या जास्त खायच्या नाहीत. औषध म्हणून घेऊ नका, चवीसाठी घ्या. या शेवटच्या वाक्यावर माझं दुकान उभं होतं.

"पोटाला सारखे म्हणत होते मी," मी ओरडले, "जिभेला नाही! लोक चवीचे पैसे देत होते. आणि मी? मला रोज धूर सांगत होतीस, खोबरं सांगत होतीस. आठ महिने! ते कुठून आणत होतीस?"

"आठवून सांगायचे," ती हळूच म्हणाली. "तू इतकी खुश व्हायचीस."

ते वाक्य मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. तिच्या सांगण्यावर मी रात्री शांत झोपत होते, आणि ती मला कौतुकाने फसवत होती. तिला आत बसवून मी पुढे आले. त्याच वेळी समोरच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई आत शिरल्या. दर गुरुवारी पाव किलो नेतात. माझ्यासारखंच बोलतात, गुळाला देव मानणाऱ्या पेशंटांना रागावतात, आणि स्वतः मात्र फक्त चवीसाठी आमच्याकडे येतात.

मी बरणीवर हात ठेवला. "बाई, आज देत नाही. यात ताडगूळ नाही. साधी साखर आहे. आठ महिने साखरच होती. मला आज कळलं."

मला वाटलं होतं, चिडतील. निदान दचकतील. त्यांनी नुसती पर्स काउंटरवर ठेवली आणि नजर खाली वळवली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात कळलं. स्वाद सपाट झाला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"धाकटीला विचारलं होतं. ती म्हणाली, ताडगूळ मिळत नाही, आणि ताईंना काही विचारू नका." त्या अडखळल्या. "तुम्हाला वास येत नाही, हे तिने तेव्हा सांगितलं. वाईट वाटलं हो. मग मी घेत राहिले. कोपऱ्यावरचा शिंपीही घेतो, शाळेतल्या बाईही. सगळेच. तुमचं मन मोडू नये म्हणून."

चौदा वर्षं मी या बरणीमागे ताठ मानेने उभी होते. त्यातले शेवटचे आठ महिने लोक चवीसाठी नव्हे, माझी कीव करून टॉफ्या नेत होते, आणि मी त्यांना चवीवर भाषणं देत होते. कान इतके तापले की काउंटरचा गार दगड धरून उभी राहिले. बाईंनी काही न घेता पर्स उचलली आणि गेल्या. मी दार लावून घेतलं.

पडद्यामागे धाकटी पातेली घासत होती. फाटलेलं दूध तिने मोरीत ओतून दिलं होतं, त्यासोबत माझा जपलेला शेवटचा ताडगूळही गेला होता.

"शिंप्याला सांगितलंस? शाळेतल्या बाईंना?"

"सांगावंच लागलं ताई. नाहीतर ते येऊन तुलाच विचारत बसले असते."

"म्हणजे साखर आहे हे गावाला खरं सांगितलंस. माझा वास गेलाय हेही खरं सांगितलंस. खोटं फक्त माझ्याशी बोललीस."

तिने नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं, आणि घासून झालेलं पातेलं तिने परत घासायला घेतलं.