अकरा मिनिटं पुढे

आमच्या कॉलेजचं नेटवर्क मी सांभाळते; इथली दोन हजार उपकरणं इंटरनेटवर जातात ती एकाच सार्वजनिक पत्त्याने. त्यामागे कोण होतं, हे फक्त माझ्या नोंदी सांगतात. त्या नोंदींचा मला जरा जास्तच गर्व होता.

वार्षिक समारंभातल्या प्राचार्यांच्या भाषणाच्या थेट प्रक्षेपणाखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे भाषण संपेपर्यंत आमची पदवीही जुनी होईल.’ प्राचार्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीने पत्ता, पोर्ट (राउटर प्रत्येक जोडणीला तात्पुरता देतो तो क्रमांक) आणि वेळ कळवली. अकरा बेचाळीस. मी राउटरच्या नोंदीत तोच पोर्ट, तीच वेळ शोधली. उपकरणाचा आतला पत्ता मिळाला, ज्याच्या शेवटी एकसष्ट होतं. तो पत्ता कुणाकडे होता, ते लॉगिनच्या नोंदीत पाहिलं. वसतिगृहातली एक संशोधक मुलगी. पाच मिनिटांत काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या खोलीत आली. हातात वसतिगृहाची खोली रिकामी करण्याची नोटीस.

"ताई, मी प्रक्षेपण बघत होते, हे खरं. पण अकरा पस्तीसला माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. फोन बंद करून परीक्षकांच्या टेबलावर ठेवला होता. विचारा त्यांना."

मी विचारलं. ती खरं बोलत होती.

मग राउटरचं घड्याळ बघितलं. भिंतीवर दहा वाजून पाच, राउटरमध्ये दहा सोळा. गेल्या आठवड्यात वीज गेल्यावर तो पुन्हा सुरू झाला होता, आणि वेळ जुळवणारी सेवा चालू करायला मीच विसरले होते. म्हणजे त्याच्या नोंदीतलं अकरा बेचाळीस हे खरं तर अकरा एकतीस. तेव्हा तो पोर्ट हिच्याकडे होता, नंतर सुटला आणि दुसऱ्याला मिळाला. खरं अकरा बेचाळीस त्याच्या नोंदीत अकरा त्रेपन्न होतं. तिथल्या आतल्या पत्त्याच्या शेवटी होतं अठ्ठ्याऐंशी. लॉगिनच्या मशीनचं घड्याळ बरोबर होतं. तो पत्ता कुणाकडे होता ते मी तिथे पाहिलं, आणि खुर्चीत नीट सावरून बसले. पाहुण्यांचा वाय-फाय पास, प्राचार्यांच्या पत्नीच्या नावावर. समारंभात त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मी मुलीला बाहेर थांबवून सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले.

"सर, चूक माझी आहे. ती मुलगी निर्दोष आहे." घड्याळाची सगळी कथा सांगून मी कागद पुढे सरकवला.

त्यांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. माझी नोकरी आज गेलीच, असं मला वाटलं.

"भाषण कितीला सुरू झालं होतं?"

"बरोबर अकराला, सर."

"बेचाळीस मिनिटं," ते स्वतःशीच म्हणाले. "घरी तर ती मला दहा मिनिटांतच थांबवते."

त्यांनी नोटीस फाडली आणि मुलीला आत बोलवायला सांगितलं. माफी मागताना मात्र ते दोनच वाक्यं बोलले.